उलट सूचना प्राप्त न झाल्यास

बँकेची पत्रं कोण लिहितं, त्या माणसाला एकदा आमच्या आजीसमोर बसवा. आणि स्वतःचंच पत्र मोठ्याने वाचायला लावा.

आजीला वाचता येत नाही, म्हणून आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे. आज मुदत ठेवीचं पत्र होतं. वर तीन ओळी संदर्भ क्रमांक, मग आम्ही किती आपुलकीने सेवा देतो त्याचा परिच्छेद, आणि मुद्दा कुठे? पार खाली, सहीच्या वर: "आपणांकडून उलट सूचना प्राप्त न झाल्यास, सदर ठेवीचे परिपक्वता दिनांकास प्रचलित व्याजदराने समान कालावधीकरिता नूतनीकरण करण्यात येईल." मी हे मोठ्याने वाचलं. आजी शांतपणे म्हणाली, "बरं. मग मी काय करायचं?"

तेच तर लिहिलेलं नाही ना! वरवर वाचून "काही नाही गं आजी, आपोआप होतंय सगळं" म्हटलं असतं, तर शब्दाला शब्द बरोबर होतं आणि आजी पुरती अडकली असती. तिला ते पैसे हवेत. गप्प बसली तर तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा बांधले जाणार, आणि मध्येच ठेव मोडली की व्याज कापणार. म्हणून तिला एवढंच सांगितलं: अमुक तारखेला मुदत संपते. पैसे हवे असतील तर त्याआधी बँकेला तसं लेखी द्यायचं. नाही दिलं तर पैसे परत अडकतील.

"व्याज आत्ताएवढंच मिळेल?"

पत्रात नाही. "प्रचलित" म्हणजे त्या दिवशी असेल तो दर, आजचा नव्हे, आणि तो त्यांनी लिहिलेला नाही. खाली "अंदाजे परिपक्वता रक्कम" ठळक अक्षरात. त्यातून कर कापला जाऊ शकतो, हे मात्र चांदणी करून तळटीपेत! मी पत्र आपटलं. आजी म्हणाली, "बँक तिकडे आहे, ओरडतेस माझ्यावर." बरोबर आहे. भांडायला मी कायम शूर असते, फक्त समोर काउंटर नसला पाहिजे.

आणि काउंटरवर? अंगठा उठवणारी बाई दिसली की ते मोठ्याने बोलायला लागतात. अहो, तिला ऐकू येतं! कागद मात्र माझ्याकडे सरकवतात, जणू ठेव माझीच आहे. पैसे तिचे, निर्णय तिचा, प्रश्नही माझ्यापेक्षा नेमके तिचेच.

मग तिने सगळं मला परत म्हणून दाखवलं. तारीख, काय द्यायचं, नाही दिलं तर काय. एक शब्द चुकली नाही. त्या अख्ख्या पानाला जे जमलं नाही ते तिने तीन वाक्यांत उरकलं.

आता ती उलट सूचना द्यायला फॉर्म लागतो म्हणे. सोबत जोडलाय. त्याची अक्षरं पत्राहून बारीक आहेत.