२.४ बंद करू नका आणि चॅनेल ३ तर अजिबात लावू नका

"राउटरमधलं २.४ आजच बंद करा, ते जुनं झालं. ५ म्हणजे मोबाईलच्या ५जीसारखंच, रेंज जास्त आणि स्पीड दुप्पट. २.४ ठेवायचंच असेल तर चॅनेल ३ लावा, तिथं कुणी नसतं, आणि विड्थ ४० करा. सगळ्यांना पाठवा."

घरच्या ग्रुपवर हे चौथ्यांदा आलं आणि वडीलधारी मंडळी खरंच सेटिंग बदलू लागली, म्हणून लिहावं लागतंय.

मोबाईलच्या ५जीमधला ५ म्हणजे पाचवी पिढी. राउटरवरचा ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, आणि २.४ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, वायफायच्या रेडिओ लहरींचे दोन बँड. वायफायच्या नावाशेवटी `_5G` दिसतं, तेवढंच साम्य.

रेंजचं नेमकं उलटं आहे. मोकळ्या जागेतसुद्धा, पॉवर तेवढीच असली तरी, ५ चा सिग्नल २.४ पेक्षा साधारण ७ डेसिबलनं कमी पोचतो, म्हणजे अंतर निम्म्याहून कमी. वर भिंती. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत किंवा अपार्टमेंटचा स्लॅब मध्ये आला की ५ आणखी दमतो. राउटरची पॉवर वाढवूनही भागत नाही, कारण मोबाईललाही तेवढ्याच लांबून उत्तर पाठवायचं असतं आणि त्याचा अँटेना छोटा. शिवाय स्वस्तातले स्मार्ट प्लग, बरेच कॅमेरे आणि जुने प्रिंटर फक्त २.४ वरच चालतात. ते बंद केलंत की ही सगळी उपकरणं एकदम गप्प होतात, आणि लोक उपकरण बिघडलं समजून दुकानात घेऊन जातात.

आता चॅनेल ३. यात नुकसान तुमचं आहेच, शेजाऱ्यांचंही आहे. २.४ चे चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेत, पण प्रत्येक सिग्नल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा घेतो, हीच त्याची विड्थ. चॅनेल १ साधारण २४०२ ते २४२२ व्यापतो, ६ हा २४२७ ते २४४७, आणि ११ हा २४५२ ते २४७२. हे तीनच एकमेकांना न चिकटता बसतात. तुमचा ३ बसतो २४१२ ते २४३२ वर, म्हणजे निम्मा १ च्या अंगावर आणि थोडा ६ च्या अंगावर. यादीत तो मोकळा दिसतो, कारण समजूतदार माणूस तिथं जात नाही.

एकाच चॅनेलवर दोन राउटर असले तर ते एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि पाळीपाळीनं बोलतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर मात्र एकाला दुसऱ्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. पॅकेट खराब होतात, पुन्हा पाठवावे लागतात. ओळखायचं कसं? सिग्नलच्या दांड्या भरलेल्या असतात आणि व्हिडिओ तरी अडतो.

विड्थ ४० केलीत तर ३ आणि ७ मिळून २४१२ ते २४५२ जागा जाते. चॅनेल ६ अख्खा गेला आणि १ निम्मा. शेजारी नेटवर्क दिसलं की २० वर परतायचं, अशी सोय राउटरमध्ये असते, पण काही राउटरवर ती बंद करता येते. एकट्या शेतघरात ४० ठीक आहे. राजारामपुरीच्या अपार्टमेंटमध्ये नको.

स्पीडचं मात्र कबूल करावं लागेल: राउटरच्याच खोलीत ५ वेगवान असतो, आणि गर्दीत तर नक्कीच. केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनी ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले केले. २.४ मध्ये जागा आहे जेमतेम ८३.५. शिवाय ५ चा सिग्नल शेजारच्या भिंतीत अडतो, म्हणून तिथं गर्दीच कमी. पण तुमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल, तर ५ वर गेल्यानं तो ८० होत नाही.

समजा फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये आहे आणि स्वयंपाकघर दोन भिंतींपलीकडे. अँड्रॉइडवर आजूबाजूची नेटवर्क दाखवणारं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडलं तर १ वर चार नेटवर्क, त्यातलं एक -५० डीबीएम, ६ वर पाच, ११ वर दोन आणि दोन्ही -७५ च्या आसपास. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका शेजारी जोरात. म्हणून ११ घ्यायचा. ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान, `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, उघडून २.४ ला `Channel` 11 आणि `Channel Width` 20 MHz. ५ ला 80 MHz, चॅनेल 36. तिथं गर्दी असेल तर 149.

टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, कॅमेरा आणि प्लग २.४ वर. मग मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात उभं राहा. ५ वर सिग्नल -७५ च्या खाली जात असेल, तर तिथं २.४ च बरा. मोबाईल तरीही ५ ला चिकटून राहत असेल, तर दोन्ही बँडना वेगळी नावं द्या.