राहूची महादशा नेमकी कधी लागते? एका प्रतिक्रियेला उत्तर

«राहू महादशेवरचा लेख वाचला. माझ्या भावाचा चंद्र सिंह राशीत २१ अंश २० कला आहे. लग्न तूळ, तिसऱ्यात धनूचा राहू, बाराव्यात कन्येचा गुरू. एका ॲपवर त्याची राहू महादशा एकतिसाव्या वाढदिवसाला सुरू होते, दुसऱ्यावर साडेपाच महिने आधी, तिसऱ्यावर तर दोन वर्षांहूनही आधी. ज्यांना स्वतःची तारीख ठरवता येत नाही ते माझ्या भावाचं भविष्य काय सांगणार? आणि तुम्ही लिहिता की राहू परदेशी नेतो, भ्रम देतो, वर चढवतो, खाली पाडतो. यात यायचं राहिलं काय? याच राहूपायी घरच्यांनी त्याला दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी घेऊ दिली नाही.»

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण तुम्ही दिलेल्या कुंडलीतच त्याचं उत्तर आहे. आधी तारखांचं बघू. तिन्ही ॲपची गणितं बरोबर आहेत. त्यांच्या खालची गृहीतकं वेगळी आहेत, आणि ती उघड न सांगणं हा आम्हा ज्योतिष्यांचा दोष आहे. माझ्या लेखातही मी ती सांगितली नव्हती.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राहूची महादशा कधी लागणार याचा आकाशातल्या राहूशी काही संबंध नसतो. राहू तिसऱ्यात असो की नवव्यात, तारीख ठरते ती फक्त जन्मवेळच्या चंद्रावरून. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येक १३ अंश २० कलांचं, म्हणजे ८०० कलांचं. कृत्तिकेपासून मोजायला लागलं की रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरू, शनी, बुध, केतू, शुक्र असे नऊ स्वामी ओळीने येतात आणि हीच ओळ आणखी दोनदा फिरते. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्याच्या स्वामीची महादशा आधी चालते, मग याच ओळीने पुढच्यांच्या. त्यांची वर्षं याच क्रमाने ६, १०, ७, १८, १६, १९, १७, ७, २०. बेरीज १२०, म्हणून विंशोत्तरी. राहूला १८ आणि रवीला ६ च का, याचं मला पटलेलं खगोलीय कारण आजवर कुणी दिलेलं नाही. परंपरेने आलेले आकडे आहेत, तसेच घ्यायचे.

आता तुमच्या भावाचा चंद्र. सिंहेच्या आधी चार राशी, म्हणजे १२० अंश. त्यात २१ अंश २० कला मिळवल्या की मेषारंभापासून १४१ अंश २० कला होतात. सगळ्याच्या कला केल्या तर ८४८०. त्याला ८०० ने भागलं की १०.६ येतात. दहा नक्षत्रं, अश्विनी ते मघा, पुरी झाली. अकरावं पूर्वा फाल्गुनी चालू आहे आणि त्याचा सहा दशांश भाग चंद्राने ओलांडला आहे. हा झाला भुक्त भाग. उरलेला चार दशांश हा भोग्य. या नक्षत्राचा स्वामी शुक्र, त्याची २० वर्षं, त्यांचे चार दशांश म्हणजे ८ वर्षं. म्हणून जन्मतः शुक्राची ८ वर्षं शिल्लक. पुढे रवी ६, चंद्र १०, मंगळ ७. बेरीज ३१. एकतिसाव्या वाढदिवसाला राहू लागतो तो असा. पहिल्या ॲपने हेच केलं आहे.

दुसऱ्या ॲपने वर्ष ३६० दिवसांचं धरलंय. हा जुना वाद आहे. दशेचं वर्ष सौर घ्यायचं की ३६० दिवसांचं सावन, यावर ज्योतिषी अजून भांडतात. ३६५.२५ आणि ३६० यांतला फरक वर्षाला सव्वापाच दिवसांचा. एकतीस वर्षांत तो १६३ दिवस होतो. हेच तुमचे साडेपाच महिने. ॲपने कोणतं वर्ष घेतलंय ते ओळखणं सोपं आहे. त्याच पानावर राहूची सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा असतात. त्यांच्यात पुरी अठरा कॅलेंडर वर्षं असतील तर वर्ष सौर. तीन महिने कमी भरत असतील तर ३६० चं. मी सौर वर्ष घेतो. जन्मतारखेचं वय आपण त्याच वर्षाने मोजतो, एवढंच माझं कारण आहे आणि ते फार भक्कम आहे असा दावा मी करणार नाही.

तिसरं ॲप बहुधा रामन अयनांश वापरत असावं. अयनांश म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या सायन आणि ताऱ्यांवरून मोजलेल्या निरयन राशिचक्रांच्या आरंभांमधलं अंतर. निरयन चक्र नेमकं कुठून सुरू करायचं यावर एकमत नाही, म्हणून अयनांशही एकच नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षीय अयनांश स्वीकारला, आणि आज बहुतेक पंचांगं आणि ॲप तोच घेतात. त्यालाच लाहिरी अयनांश म्हणतात. रामन अयनांश त्याहून साधारण ८७ कलांनी कमी आहे. अयनांश कमी झाला की निरयन चंद्र तेवढाच पुढे सरकतो, भोग्य भाग घटतो आणि पुढच्या सगळ्या दशा अलीकडे येतात. शुक्राच्या नक्षत्रात एक कला म्हणजे २० वर्षांचा ८०० वा भाग, नऊ दिवसांहून किंचित जास्त. त्याला ८७ ने गुणलं की दोन वर्षं दोन महिने. दोन्ही ॲपवर चंद्राचे अंश-कला ताडून बघा. पहिल्यावर २१ अंश २० कला आणि तिसऱ्यावर २२ अंश ४७ कलांच्या आसपास असतील तर माझा अंदाज बरोबर.

आपल्याकडच्या टिळक पंचांगाचा रैवतपक्षीय अयनांश तर सुमारे चार अंशांनी कमी. तो घेतला तर चंद्र सिंहेच्या २५ अंशांपुढे जातो, शुक्राची जेमतेम दोन वर्षं उरतात आणि तुमच्या भावाचा राहू पंचविसाव्या वर्षीच सुरू झालेला असतो. म्हणजे फरक सहा वर्षांचा. तेव्हा तुमच्या टीकेतला हा भाग मला मान्यच करायला हवा. कोणता अयनांश खरा याचा निकाल गणित लावत नाही. ज्याने त्याने एक निवडलेला असतो आणि तो बदलायचा नसतो. जातकाच्या आयुष्यातली घटना जुळावी म्हणून अयनांश बदलणारे मी पाहिले आहेत. ती लबाडी आहे.

चौथी अडचण कोणत्याच ॲपवर दिसत नाही, ती म्हणजे जन्मवेळ. चंद्र तासाला सरासरी ३३ कला चालतो, दहा मिनिटांत साडेपाच. त्या साडेपाच कला शुक्राच्या नक्षत्रात पन्नास दिवसांच्या होतात. दाखल्यावर सहा वाजता किंवा सव्वासहा वाजता अशी गोल वेळ असेल तर ती कुणीतरी नंतर आठवून लिहिली असण्याची शक्यता धरावी. एकदा अशाच वेळेवर मी आमच्या एका नातेवाइकाला महादशा बदलण्याचा दिवस छातीठोकपणे सांगितला होता. नंतर त्याच्या आजीच्या वहीत वीस मिनिटं मागची वेळ सापडली. तेव्हापासून मी दिवस सांगणं सोडलं.

कुठवर सांगता येतं याचा हिशोब मात्र मांडता येतो. महादशेचे याच वर्षांच्या प्रमाणात नऊ भाग पडतात, त्या अंतर्दशा. अंतर्दशेचे तसेच भाग म्हणजे विदशा, विदशेचे सूक्ष्मदशा. राहूत राहूची अंतर्दशा १८ गुणिले १८ भागिले १२०, म्हणजे २ वर्षं ८ महिने १२ दिवस. त्यातली राहूचीच विदशा सुमारे १४८ दिवस. तिच्या पोटातली सूक्ष्मदशा बावीस दिवस. जन्मवेळेचा दोष पन्नास दिवसांचा असेल तर अंतर्दशा ठीक, विदशा डळमळीत आणि सूक्ष्मदशेला अर्थच नाही. जन्मवेळ न तपासता जो ज्योतिषी अमुक तारखेला राहू बाधेल म्हणतो, तो स्वतःच्याच गणिताच्या बाहेर बोलतो.

आता ‘यायचं राहिलं काय’. हा घाव बरोबर बसला. लेखात मी राहूच्या कारकत्वाची यादी दिली होती आणि यादीत सगळंच बसतं. परंपरेचा नियम प्रत्यक्षात याहून अरुंद आहे. राहू-केतू छायाग्रह आहेत, म्हणून ते ज्या स्थानात असतात आणि ज्या ग्रहासोबत असतात त्यांची फळं देतात. त्याला राशीच्या स्वामीची जोड द्यायची, की वाचायला पुरेसं होतं. राहू म्हटला की फसवणूक, व्यसन, बदनामी हे नियमाच्या आधीचं वाचन झालं. त्यातून भीती तेवढी पसरते.

तुमच्या भावाचा राहू तिसऱ्या स्थानात आहे. तिसरं उपचय, म्हणजे वाढीचं स्थान, आणि तिसरं, सहावं, दहावं, अकरावं ही राहूला सोसणारी स्थानं मानतात. तिसऱ्यावरून हिंमत, स्वतःची धडपड, प्रवास, लेखन-संपर्काची कामं बघतात. त्याच्या धनू राशीचा स्वामी गुरू बाराव्यात, म्हणजे खर्च आणि घरापासून लांब राहणं. दोन्ही जोडून मी एवढंच लिहीन: या काळात धडपडीसाठी घर सुटणं आणि त्यापायी खर्च वाढणं. गुरू सहाव्याचाही स्वामी असल्याने त्याच्या अंतर्दशेत, म्हणजे ३३ वर्षं ८ महिन्यांपासून ३६ वर्षं १ महिन्यापर्यंत, कर्ज किंवा नोकरीतली ओढाताण वाढू शकते. बदनामी किंवा फसवणूक या मांडणीतून निघत नाही. कुणी सांगितली असेल तर कोणत्या स्थानावरून, ते विचारा.

हे आधी लिहून ठेवलं तरच त्याला किंमत. घडून गेल्यावर मलाही सगळं जुळवता येतं. तुमच्या मनात कदाचित जयंत नारळीकरांची २००८ ची चाचणी असेल. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांवरून हुशार मुलं आणि मतिमंद मुलं वेगळी करायची होती. उत्तरं सरासरी ४६ टक्के बरोबर आली, नाणं उडवूनही तेवढी येतात. ती चाचणी दशांची नव्हती, पण या आडोशाला मी उभा राहणार नाही. दशांनी त्याहून चांगलं करून दाखवलंय असा पुरावा माझ्यापाशी नाही. माझी वही आहे, तीत चुकलेली पानं बरीच आहेत.

म्हणून नोकरीबद्दल. तिसऱ्यातला राहू आणि बाराव्यातला त्याचा स्वामी घेऊन घराबाहेरची नोकरी अडवणं हे आमच्या शास्त्रातही उलटं आहे. या मांडणीवर तर जा असंच निघतं. आणि शास्त्र बाजूला ठेवलं तर पगार, काम, राहण्याची सोय बघून ठरवायची गोष्ट ती, राहूला विचारायची नाही. घरच्यांना माझं नाव सांगून हे दाखवलंत तरी चालेल. जमल्यास त्याच्या दाखल्यावरची वेळ कळवा. ती सहा वाजून सात मिनिटं अशी असेल तर निदान एक शंका कमी होईल.