मुदत ठेवीच्या अर्जातील ‘सोबत’ची यादी : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “मयत ठेवीदाराच्या ठेवीसाठी सहकारी बँकेला करायच्या अर्जाचा तुमचा नमुना वाचला. बँकेत छापील फॉर्म मिळतो, तो भरला की काम होते. ‘प्रति-विषय-महोदय’चा हा थाट म्हणजे निव्वळ कारकुनी हौस आहे. कागद समोर टेबलावर ठेवलेले असताना खाली त्यांची यादी कशाला? आणि व्यवस्थापक बाई असतील तर ‘महोदय’ कसे चालेल? असले लेख लिहून साध्या माणसांना घाबरवू नका.”

सप्रेम नमस्कार.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘कारकुनी हौस’ आणि ‘घाबरवू नका’ ही भाषा, ज्याने लेख शेवटपर्यंत वाचला आहे त्याची वाटत नाही. एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत आवक-जावकच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि ज्याला आपण हौस म्हणता त्याच्या अभावी लोकांनी घातलेले हेलपाटे मी त्या टेबलामागून पाहिलेले आहेत. असो. ‘महोदय’बद्दलचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे. व्यवस्थापक कोण आहेत हे ठाऊक नसेल तर ‘महोदय/महोदया’ असे लिहावे. नमुन्यात तशी दुरुस्ती केली आहे. छापील फॉर्म असेल तर तो जरूर भरावा, पण तो अर्जासोबत जोडावा, अर्जाऐवजी नव्हे. त्यावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता आपले ते एक वाक्य : ‘कागद समोर टेबलावर ठेवलेले असताना खाली त्यांची यादी कशाला?’

कागद टेबलावर राहत नाहीत, म्हणून. अर्ज आवकमध्ये नोंदला जातो, ठेव विभागाकडे जातो, तेथून व्याजाचा हिशोब करणाऱ्याकडे, मग व्यवस्थापकांच्या सहीसाठी, आणि रक्कम मोठी असेल तर मुख्य कार्यालयाकडे. या प्रवासात अर्ज आणि त्याला टाचलेले कागद एकत्रच राहतील याची हमी कोणी देत नाही. आमच्याकडे एक मुलगी आईच्या ठेवीसाठी अर्ज देऊन गेली होती. अर्जात शेवटी एवढेच होते : ‘सोबत आवश्यक ती कागदपत्रे जोडली आहेत.’ ठेवीची मूळ पावती व्याज काढण्यासाठी वेगळी केली गेली आणि फाईल पुढे सरकली. काही आठवड्यांनी तिला सांगण्यात आले की मूळ पावती दिलेलीच नाही, तेव्हा पावती गहाळ झाल्याचे समजून मुद्रांक कागदावर हानिपूर्तीचे बंधपत्र द्या आणि जामीनदार आणा. पावती दिल्याचे ती शपथेवर सांगत होती, आणि ते खरेही होते, परंतु तिच्या हातातील शिक्का मारलेल्या प्रतीवर पावतीचा उल्लेखच नव्हता. पुढे ती पावती दुसऱ्याच ठेवीदाराच्या फाईलमध्ये सापडली. चूक सर्वस्वी शाखेची होती; भुर्दंड मात्र तिला पडला. ही हौस आहे काय, ते आपणच ठरवावे.

यादी कशी असावी, हे मूळ लेखात होतेच. आपल्या नजरेतून सुटले असावे, म्हणून पुन्हा देतो. आई ठेवीदार, मुलगी नामनिर्देशित व्यक्ती, एक मुदत ठेव आणि एक बचत खाते, असा साधा प्रसंग धरू. सही आणि नाव संपल्यावर, डाव्या बाजूला :

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, साक्षांकित प्रत (मूळ दाखला पडताळणीसाठी दाखविला आहे)
२. मुदत ठेव पावती क्र. ……, मूळ
३. बचत खाते क्र. …… चे पासबुक, मूळ
४. अर्जदाराचे आधार कार्ड व पॅन कार्ड, स्वसाक्षांकित प्रती
५. अर्जदाराच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश
६. बँकेचा विहित नमुन्यातील दावा अर्ज, भरलेला

प्रत्येक ओळीत कागद मूळ आहे की प्रत, हे लिहिलेले आहे, आणि सगळा जीव त्यातच आहे. मृत्यूचा मूळ दाखला बँकेकडे ठेवायचा नसतो, केवळ दाखवायचा असतो. ठेवीची पावती मात्र मूळच द्यावी लागते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत आपल्याजवळ ठेवावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शिक्का पहिल्या पानावर आणि यादी दुसऱ्या पानावर असेल तर दुसऱ्या पानावरही शिक्का मागून घ्यावा. देताना कुरकुर होते, पण देतात.

याचे दुसरे कारण तारखेचे आहे. मयत ठेवीदाराचा दावा सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. मुदत अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर सर्व कागद मिळाल्यापासून मोजली जाते. यादीवर शिक्का असेल तर तो दिवस कोणता, यावर वाद उरत नाही. यादी नसेल तर एकेक कागद मागत मुदत पुढे ढकलता येते, आणि ते किती सहज होते हे मी आतून पाहिलेले आहे.

यादीत काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ४५ झेडए प्रमाणे नामनिर्देशन झालेले असेल तर बँक त्या व्यक्तीला रक्कम देऊन मोकळी होते, आणि अशा वेळी वारस दाखल्याचा आग्रह धरायचा नसतो. (नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने घेते, मालक म्हणून नव्हे, घरातली वाटणी हा निराळा विषय.) म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘सदर ठेवीवर माझे नामनिर्देशन नोंदलेले आहे’ हे वाक्य हवे, आणि ठेव मुदतीपूर्वी बंद करायची की मुदत संपेपर्यंत ठेवायची, हेही तेथेच स्पष्ट लिहावे.

सन्मानदर्शक शब्दांना आपण ‘थाट’ म्हटले आहे, म्हणून तेवढे सांगतो. आईचे नाव पावतीवर जसे आहे अगदी तसे लिहावे, आधी ‘कै.’ लावावे आणि पावतीवर ‘सौ.’ छापलेले असले तरी ते गाळावे. आधारवर नाव वेगळे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे एका वाक्यात नमूद करावे. ‘मा.’ हे व्यवस्थापकांच्या पदाआधी येते. स्वतःच्या सहीखालच्या नावाला ‘श्री.’ लावू नये. सही ‘आपली विश्वासू’ याखाली असावी, ‘स.न.वि.वि.’ घरच्या पत्रात शोभते, येथे नाही. यात घाबरण्यासारखे काय आहे, ते मला खरोखरच कळलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या छापील फॉर्ममध्ये बहुधा सापडणार नाही. आई बँकेची सभासद असेल तर तिचे भाग म्हणजे शेअरही असतील, आणि ते ठेवीच्या नामनिर्देशनाने मिळत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या बँकेत भागांचे हस्तांतरण त्या अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे होते आणि त्यासाठीचे नामनिर्देशन सभासद म्हणून स्वतंत्र केलेले असावे लागते. तेव्हा भागांचा अर्ज वेगळ्या कागदावर, वेगळ्या विषयाने करावा, त्याच्या यादीत भाग दाखला मूळ आणि मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक प्रत लिहावी, आणि त्याचा आवक क्रमांकही वेगळा घ्यावा. एकाच अर्जात दोन्ही मागितले की ठेव मिळते आणि भागांचा कागद त्याच फाईलमध्ये बंद होतो.