भरतीबंदी लपत नाही, उशिरा कळते एवढंच

«भरती थांबवली हे स्टाफला सांगायची गरज नाही. सांगितलं की घबराट होते आणि चांगली माणसं आधी पळतात. फारच झालं तर “खर्चावर जरा लक्ष ठेवतोय” म्हणा. तपशील दिले की पुढे शब्द फिरवता येत नाही.»

हा सल्ला मला पटत नाही. एचआरमध्ये मी दोन भरतीबंद्या पाहिल्या. एक लपवलेली, एक सांगितलेली.

घबराटीपासून सुरू करू. लपवलेल्या वेळी एका रात्रीत वेबसाइटवरच्या जाहिराती गेल्या. सकाळी कुणीतरी त्या रिकाम्या पानाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत लोक नोकरकपातीबद्दल बोलत होते. “कपात” हा शब्द आम्ही उच्चारलाही नव्हता, पण आम्ही कुठलाच शब्द उच्चारला नव्हता. पुढे ढकललेल्या मुलाखती, नामंजूर झालेलं प्रवासाचं बिल, राजीनामा दिलेल्याची रिकामी खुर्ची, हे सगळं लोकांना दिसतच असतं.

चांगली माणसं जातात, हे अर्धं खरं आहे. सांगितल्यावरही आमचे दोघं गेले. पण ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते त्याचा प्रश्न ठरलेला असतो: माझी बढती आणि पगारवाढ होणार का? “अजून ठरलेलं नाही, अमुक तारखेला ठरेल” या उत्तरावर बरेच जण तेवढे दिवस थांबतात. सोमवारी “सगळं उत्तम” ऐकून शुक्रवारी खरं कळलेला माणूस मात्र पुढचं काहीच खरं मानत नाही.

“खर्चावर लक्ष” या वाक्यावर माझा खरा राग आहे. ते ऐकून एक मॅनेजर बिघडलेला लॅपटॉपही बदलून देत नाही आणि दुसरा निवांत मुलाखती घेत राहतो. दुसऱ्या वेळी आमच्याकडे चौदा जागा उघड्या होत्या. “भरती बंद” म्हणून भागलं नसतं, कारण त्या चौदा जागा चार वेगवेगळ्या टप्प्यांवर होत्या.

तिघांनी ऑफर स्वीकारली होती, त्यातल्या एकीने जुन्या नोकरीचा राजीनामाही दिला होता. हे तिघे ठरल्या दिवशी रुजू होणार, हे आम्ही स्टाफसाठीच्या कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. दोन ऑफर उत्तराच्या प्रतीक्षेत होत्या, त्या पाळल्या. चार जागांच्या मुलाखती चालू होत्या, त्या थांबवल्या आणि उमेदवारांना त्याच दिवशी फोन केले. उरलेल्या पाच जागांना फक्त कागदावर मंजुरी होती, त्या गोठवल्या.

मग अवघड भाग. कुणी राजीनामा दिला तर त्याच्या जागी आपोआप माणूस मिळणार नाही. अपवाद फक्त कायद्याने किंवा सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या जागांना. त्याचा निर्णय विभागप्रमुख आणि वित्तप्रमुख मिळून घेणार, तोही अर्ज आल्यापासून आठवड्यात. अंतर्गत बदल्या चालू ठेवल्या. पण बदलीने मोकळी झालेली जागा भरता येणार की नाही हे लिहिलं नाही, तर कोणताच मॅनेजर आपला माणूस सोडत नाही आणि बदल्या गुपचूप बंद पडतात. आमच्या पहिल्या मसुद्यात हे राहून गेलं होतं. ज्यांचे करार तिमाहीअखेरच्या आढाव्याआधी संपत होते, त्यांच्यातल्या एकेकाशी स्टाफच्या सभेच्या आधी वेगळं बोललो.

खर्चाचंही तसंच. ग्राहकांकडचा प्रवास चालू, अंतर्गत बैठकांचा बंद. आधी काढलेली तिकिटं आणि भरलेली बिलं मंजूर. बिघडलेला लॅपटॉप बदलणार, फक्त जुना झाला म्हणून नाही. पगाराची तारीख तीच. आणि न भरलेल्या जागांचं काम हवेत विरत नाही, म्हणून कोणते दोन मासिक अहवाल आता कुणी करायचे नाहीत, तेही लिहिलं. सभेनंतर सगळ्यात जास्त आभार त्या ओळीचे मानले गेले.

राहिला शब्द फिरवण्याचा मुद्दा. शब्द अडकतो तो खोटं आश्वासन दिल्यावर. “कपात होणार नाही” असं आम्ही म्हटलं नाही, कारण ते आम्हाला माहीत नव्हतं. “आज कपातीचा निर्णय झालेला नाही. तिमाहीच्या शेवटी आढावा घेऊ. येणाऱ्या ऑर्डर तोवर सुधारल्या नाहीत, तर तो प्रश्नही समोर येईल,” असं म्हटलं. तिसरं वाक्य संचालकांना काढायचं होतं. ते ठेवायला मला दोन बैठका लागल्या. मॅनेजरांना हाच कागद सभेच्या तासभर आधी दिला. आदल्या दिवशी दिला असता तर रात्रीच फुटला असता.

आढाव्याच्या तारखेला बंदी आणखी एका तिमाहीने वाढली. आम्ही तोच कागद पुन्हा पाठवला, बदललेल्या दोन ओळींखाली रेघ मारून. त्या वेळी सभेत चारच प्रश्न आले, त्यातले तीन लॅपटॉपचे.