पैसे तुम्ही भरता, म्हणून पोरांची खासगी चॅट तुमची होत नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. उद्यमनगरातल्या एका कारखानदाराचा फोन, त्यांच्याकडं कामाचं बोलणं स्लॅक या चॅट ॲपवर चालतं. "माणशी पैसे मोजतोय मी, आन् माझ्याच स्लॅकमधली चॅट मलाच देईनात! लुटालूट चाललीया नुसती."

प्रकरण असं. डिझायनर पोरगा नोकरी सोडून गेला. एका कास्टिंगच्या ड्रॉइंगमध्ये माप बदलायला कुणी सांगितलं, यावरून भांडण. मालकांनी Workspace settings मध्ये जाऊन Import/Export Data उघडलं, Export मध्ये तारखा निवडल्या, Start Export दाबलं. मेलवर लिंक आली, झिप उतरवली. आत channels.json, users.json, प्रत्येक चॅनेलचा फोल्डर आणि त्यात दिवसाला एक फाइल. मापाचा विषय मात्र कुठंच नाही. म्हणाले, "अर्धवट उतरलीय."

अर्धवट नाही ओ! झिपमध्ये दोघांतल्या चॅटची dms.json ही फाइल आहे का बघा. नाही ना? मग तो फक्त सार्वजनिक चॅनेलचा एक्स्पोर्ट. मोफत आणि प्रो प्लॅनमध्ये मालकाला स्वतःहून एवढंच काढता येतं. आणि ड्रॉइंगची पीडीएफ झिपमध्ये शोधत बसू नका, तिथं फायलींच्या फक्त लिंका असतात.

खासगी चॅनेल आणि दोघांतले मेसेज हवे असतील तर बिझनेस प्लस प्लॅन लागतो. तो घेतला म्हणून लगेच बटण मिळत नाही, वर्कस्पेसच्या मालकानं स्लॅककडे अर्ज करायचा, तो मंजूर झाला की मग. प्रोवरच राहायचं असेल तर कोर्टाचा आदेश, सभासदांची संमती किंवा कायद्यानं मिळालेला हक्क, यातलं काहीतरी दाखवून मागायचं.

याला लुटालूट म्हणायचं? दोन पोरं एकमेकांशी पगाराचं बोलतात, घरच्या दुखण्याचं बोलतात. कारखान्याचं लाइटबिल भरता म्हणून कामगाराचा डबा उघडून बघता का?

हां, हिशेबाचा वाद खरा असतो, पुरावा लागतो, हे मान्य. आणि बिझनेस प्लसवाल्याला हीच चॅट मिळते, म्हणजे हे सगळं तत्त्वासाठीच चाललंय असं नाही, तेही मान्य. पण अर्जाची पायरी तरी मधे आहे. पोरांनो, तुम्हीही एक करा: वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये Retention & Exports बघा. मालक काय काय काढू शकतो ते तिथं लिहिलेलं असतं.

आता राग जरा उतरलाय. मालकांचंही चुकलं म्हणवत नाही, मापाचा बदल चॅनेलवर टाकायचा हे त्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मघाशी त्यांना परत फोन केला. म्हटलं, दादा, सोडून गेलेल्याचं खातं बंद केलं तरी समोरच्याच्या स्क्रीनवर ती चॅट तशीच राहते. त्या पोराशी बोलणारा सुपरवायझर अजून तुमच्याकडंच आहे ना?

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हाय की. शेजारच्या केबिनीतच बसतोय."

मग जावा आन् त्याला इचारा!