पाच मिनिटांची माळ नवशिक्यासाठी नाही

“‘श्रीराम जय राम जय जय राम’ची माळ पाच मिनिटांत व्हायलाच हवी. वेग वाढला की मनाला भटकायला वावच राहत नाही. आणि प्रत्येक मण्याला खोल श्वास घ्या, म्हणजे जप आत उतरतो.”

असा सल्ला नवशिक्याला दिला जातो. आधी त्याचा हिशेब करू. पाच मिनिटांचे ३०० सेकंद १०८ मण्यांत वाटले तर एका मण्याच्या वाट्याला पावणेतीन सेकंद येतात. तेरा अक्षरं स्पष्ट म्हणण्यातच नवशिक्याचे ते संपतात, मग श्वास घ्यायचा कधी? वर्षानुवर्षं जप करणाऱ्यांची माळ पाच मिनिटांत सहज होते, कारण त्यांच्या तोंडात मंत्र बसलेला असतो. तो त्यांच्या सवयीचा वेग आहे, नवशिक्याने घड्याळ लावून गाठायचा नव्हे.

वेगाने मन थांबतं, हेही मला पटत नाही. घाईत सगळ्यात आधी मोडतो तो शेवटचा ‘जय जय’. दोनाचा एक होतो, ‘श्रीराम’चं ‘शीराम’ होतं, आणि जपणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण बोटं चालूच असतात. नवख्या माणसाजवळ बसून ऐका: शेवटचा ‘राम’ अजून ओठांवर असतो आणि अंगठ्याने पुढचा मणी ओढलेलाही असतो. बोट जिभेच्या पुढे गेलं की माळ नुसती मोजली जाते. यावर उपाय साधा आहे. माळ मधल्या बोटावर ठेवा, तर्जनी बाजूला, आणि शेवटचा ‘म’ मिटला की मगच अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढा. पहिले काही दिवस मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात गाळलेलं अक्षर कानाला सापडत नाही.

खोल श्वासाचा सल्ला तर मला धोक्याचा वाटतो. पावणेतीन सेकंदांना एक म्हणजे मिनिटाला जवळजवळ बावीस खोल श्वास. इतका श्वासोच्छ्वास झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. कित्येकांना तो जपाचा अनुभव वाटतो. तसं झालं तर माळ खाली ठेवा आणि श्वास आपोआप पूर्वपदावर येऊ द्या.

नवशिक्याने नेहमीसारखा श्वास नाकाने आत घ्यावा आणि तो सोडताना अख्खा मंत्र म्हणावा. म्हणायला तीन सेकंद आणि आत घ्यायला दोन धरले तर मिनिटाला बारा श्वास होतात, म्हणजे शांत बसलेल्या माणसाचे असतात साधारण तेवढेच. माळ नऊ मिनिटांत होते. तेवढं बसणं जड गेलं तर अर्धी माळ करा, ५४ मणी, साडेचार मिनिटं. पण वेग तोच ठेवा.

पुढे मंत्र तोंडात बसला की एका उच्छ्वासात दोन मंत्र आपोआप मावू लागतात. सहा सेकंद म्हणायला, दोन सेकंद श्वास घ्यायला, म्हणजे मण्याला चार सेकंद. माळ सव्वासात मिनिटांवर येते. दुसऱ्या मंत्राच्या शेवटी आवाज बारीक झाला किंवा पुढचा श्वास तोंडाने ओढावा लागला, तर अजून एकावरच राहा.