दर फुटाचा, हिशेब पावलांचा

म्हापशात दुकानासाठी गाळा शोधणाऱ्या माणसाला नातेवाईक, शेजारी आणि कसलाही संबंध नसलेले लोक एकच प्रश्न विचारतात : "फुटाला काय दर पडला?" मला चकली, शेव, चिवडा आणि लाडू विकायचे होते. चकली घ्यायला आलेले गिऱ्हाईक गाळा किती फुटांचा आहे हे पाहत नाही, ती कुरकुरीत आहे की नाही एवढेच पाहते. परंतु भाड्याच्या बोलण्यात चकलीला कोणी विचारत नाही, तिथे फूट बोलतो.

दलालाने दोन गाळे दाखवले. पहिला बाजाराकडून कदंब बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, २४० चौरस फूट, दर १५० रुपये, म्हणजे महिन्याला ३६,००० रुपये. दुसरा मागच्या गल्लीत, ३०० चौरस फूट, दर ६० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. जागा जास्त आणि पैसे निम्मे असल्यामुळे दुसरा गाळा घ्यावा, असा घरात एकमताने ठराव झाला. एवढे एकमत आमच्या घरात फक्त दुसऱ्याच्या पैशांबद्दल होत असल्याने मला शंका आली आणि मी मोजपट्टी घेऊन पहिल्या गाळ्यात शिरलो.

गाळा आतून नऊ फूट रुंद आणि एकोणीस फूट खोल भरला. नऊ गुणिले एकोणीस म्हणजे १७१. उरलेले ६९ फूट कुठे आहेत, असे मी मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम छताकडे बोट दाखवले. तिथे चाळीस फुटांचा पोटमाळा होता. त्याची उंची साडेचार फूट होती, त्यामुळे त्यात वावरताना माणसाला सतत देवळात शिरल्यासारखे वाकावे लागत होते. राहिलेले २९ फूट भिंतींची जाडी, सामाईक जिना आणि मागचा बोळ यांत वाटले गेले होते. जिना वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे जात होता. माझे दात शाबूत असल्यामुळे त्या जिन्याचा मला काही उपयोग नव्हता, तरीही भाड्यात माझा वाटा होता. कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप हे क्षेत्रफळाचे तीन प्रकार पुस्तकात एका ओळीत मावतात. प्रत्यक्षात त्यांच्यामधून एक अख्खी खोली नाहीशी होते. ३६,००० ला १७१ ने भागले की दर १५० राहत नाही, तो २१० च्या वर जातो. गल्लीतल्या गाळ्यात मात्र ३०० पैकी २७० फूट खरोखर पायाखाली होते, तेव्हा तिथला दर ६७ रुपयांच्या आसपास आला. खऱ्या फुटांवर तुलना केली तर पहिला गाळा तिप्पट महाग ठरत होता.

आता प्रश्न उरला तो पावलांचा. मालकांचे म्हणणे असे की त्यांच्या दारावरून रोज दहा हजार माणसे जातात. हा आकडा त्यांनी शुक्रवारी भर दुपारी, बाजार तुडुंब भरलेला असताना, स्वतःच्या मनात मोजलेला होता. मी समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव मागवून कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढू लागलो. वेटरने आधी मला नगरपालिकेचा माणूस समजून चहात जास्तीची साखर घातली, आणि मी कोणीच नाही हे कळल्यावर बिल आणून समोर ठेवले.

माणसे मोजणे हे वाटते तितके सोपे काम नाही. स्कूटरवरून गेलेला माणूस मोजायचा नाही, कारण गाडी लावायला जागा नसल्याने तो थांबणारच नाही. नवरा, बायको आणि दोन मुले एकत्र जात असतील तर डोकी चार आणि पाकीट एक. लॉटरीची तिकिटे विकणारा गृहस्थ अर्ध्या तासात इतक्या वेळा पुढून गेला की, त्याच्या एकट्याच्या जोरावर मालकांचे दहा हजार भरले असते. पलीकडच्या फुटपाथवरची माणसे आपली नव्हेत, कारण पाचशे ग्रॅम शेवेसाठी कोणी म्हापशाची वाहतूक ओलांडत नाही. दिशेलाही महत्त्व असते. सकाळी बाजाराकडे निघालेला माणूस रिकामी पिशवी आणि लांब यादी घेऊन घाईत असतो. अकरानंतर तोच माणूस बसस्थानकाकडे परतताना घरातल्या मुलांची आठवण काढतो, आणि फराळाचे गिऱ्हाईक ते हेच. दुपारी एक ते चार मात्र सगळा गाव शटर खाली ओढून जेवायला आणि झोपायला जातो. त्या वेळात रस्त्यावरून एक कुत्रा आणि मी असे दोघेच गेलो, आणि आम्ही दोघेही काही विकत घेणार नव्हतो. म्हणून दिवसाचे आठच तास धरायचे.

शुक्रवारची गोष्ट निराळी. त्या दिवशी गर्दी दुपटीहून अधिक होती, पण गाळ्याच्या पायरीला लागून एक झाडूवाली आजी आपल्या इरांच्या झाडण्या उभ्या करून बसली होती. शटरचा खालचा अर्धा भाग झाडण्यांनी झाकला गेला होता. माणसे दारावरून जात होती हे खरे, परंतु दारापर्यंत पोचणे कोणालाही शक्य नव्हते. त्यामुळे शुक्रवारची गर्दी मी निम्मीच धरली.

एवढी चाळण लावल्यावर पहिल्या गाळ्यापुढे ताशी सरासरी २०० माणसे उरली आणि गल्लीत ४५. आठ तास आणि रविवार वगळून महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिल्याच्या दारावरून महिन्याला ४१,६०० माणसे जातात, दुसऱ्याच्या दारावरून ९,३६०. भाडे या माणसांवर वाटले की पहिल्या गाळ्यात एक माणूस ८७ पैशांना पडतो आणि गल्लीत एक रुपया ९२ पैशांना. फुटाने तिप्पट महाग असलेला गाळा माणसामागे निम्म्याहून स्वस्त निघाला. घरी हा शोध सांगितला तेव्हा, "म्हणजे छत्तीस हजार द्यायचे?" एवढाच प्रश्न आला, आणि तो योग्य होता.

कारण दारावरून गेलेला माणूस गल्ल्यात पडत नाही. मी त्याच रांगेतल्या एका बेकरीवर नजर ठेवली. शंभर माणसे पुढून गेली की सहा जण पायरी चढत आणि त्यांतले चार पिशवी घेऊन उतरत. ती बेकरी जुनी, माझे दुकान नवे, म्हणून मी शंभरात तीन धरले. म्हणजे दिवसाला ४८ गिऱ्हाइके. सरासरी बिल १८० रुपयांचे मानले तर महिन्याची विक्री २,२४,६४० रुपये, आणि मालाची किंमत वजा जाता तीस टक्के सुटले तर हातात ६७,३९२. यातून मदतनिसाचे १५,०००, वीज आणि किरकोळ खर्चाचे ५,००० आणि माझ्या स्वतःच्या पोटाचे १८,००० काढले की भाड्यासाठी २९,३९२ रुपये शिल्लक राहतात. गल्लीत माणूस काम काढूनच येतो, म्हणून तिथे शंभरात चार धरले, तरी महिन्याची सगळी विक्री सदुसष्ट हजारांच्या पुढे जाईना. तिथे मदतनीस ठेवला तर मला उपाशी राहावे लागले असते, आणि मी जेवलो तर भाडे थकले असते. गल्लीचा विषय संपला. पहिल्या गाळ्यासाठी माझी मर्यादा २९,००० ठरली, आणि ती मालकांच्या तोंडून वदवून घेणे एवढेच उरले.

मालक वयाने मोठे, मृदुभाषी आणि आकड्यांच्या बाबतीत अत्यंत कठोर होते. मी प्रथम पोटमाळ्यावर हल्ला चढवला. इंग्लंडमध्ये दुकानाच्या दर्शनी वीस फुटांना पूर्ण दर लावतात, त्यामागच्या वीस फुटांना निम्मा, आणि मागे जावे तसा तो निम्मा होत जातो. तेव्हा वरच्या माळ्याला फार तर पाव दर असावा, असे मी मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "इंग्लंडांत कितेंय चलूं. गोंयांत इंग्रज केन्नाच येवंक ना." नेपोलियनच्या काळात इंग्रजांची फौज काही वर्षे गोव्यात येऊन राहिली होती, हे मला ठाऊक होते, पण घासाघीस करताना मालकाचा इतिहास दुरुस्त करू नये, एवढा व्यवहार मलाही कळतो.

मग मी माझा रेघांचा कागद पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि विचारले, "यात आमचे दहा हजार कुठे आहेत?" मी म्हटले, "काका, ते दहा हजार पुढून गेले, पण त्यांतले किती आत येतील त्यावर माझे भाडे निघायचे आहे. मॉलमध्ये असतो तसा थोडा ठरीव आकडा आणि वर विक्रीचा काही टक्का, असे करूया का?" त्यांनी दोन्ही हात जोडले. रोज संध्याकाळी भाडेकरूचा गल्ला मोजायला येणारा मालक होणे त्यांना मान्य नव्हते, आणि मलाही ते मनातून नको होते.

तोडगा निघाला तो पावसामुळे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत छत्री सांभाळत धावणारा माणूस पायरीकडे बघतसुद्धा नाही, हे त्यांना कागदाशिवाय पटले, कारण मागचा भाडेकरू ऐन जुलैत सोडून गेला होता. ते चार महिने २४,००० आणि उरलेले आठ महिने ३१,०००, असे ठरले. वर्षाचे ३,४४,००० होतात, म्हणजे महिन्याला सरासरी २८,६६७. मालकांना गावात सांगण्यासाठी ३१,००० हा आकडा मिळाला. रंगकाम आणि फळ्या बसवण्यासाठी दीड महिना बिनभाड्याचा मिळाला. दरवर्षीची वाढ ते दहा टक्के म्हणत होते, ती पाचावर आली. मात्र ती ३१,००० वरही लागेल आणि २४,००० वरही, हे त्यांनी करारात स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले.

शेवटी मी झाडूवाल्या आजींचा विषय काढला. "त्या आमच्या वडिलांच्या वेळेपासून बसतात, त्यांच्याशी तुम्हीच बोला," असे म्हणून मालक मोकळे झाले. आजींनी माझ्याकडून एका झाडणीचे पैसे आधी घेतले आणि मग ऐकून घेतले. पायरीपासून चार हात बाजूला सरकायला त्या तयार होत्या; त्या बदल्यात न खपलेल्या झाडण्या पुढच्या शुक्रवारपर्यंत माझ्या पोटमाळ्यावर राहतील, आणि जागेचे भाडे विचारायचे नाही, अशी त्यांची अट होती. त्यांनी तो चाळीस फुटांचा माळा खालूनच एकदा पाहिला आणि जागा जरा कमी पडेल असे सांगितले.